पनीर, टोफू, चिकन ब्रेस्ट, मासे आणि सोया चंक्स: १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती, प्रथिनं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थेट आकडे सांगा. कशात किती?

खालचे आकडे स्वयंपाक करण्याआधीच्या वजनाचे आहेत. पनीर-टोफू पाकिटातून काढल्यावर, चिकन आणि मासा कच्चा, हाडं-काटे-कातडी काढलेला, आणि सोया चंक्स कोरडे. ब्रँड, जात आणि हंगाम यांनुसार थोडा फरक पडतोच, म्हणून आकडे गोल केले आहेत.

| पदार्थ (१०० ग्रॅम) | कॅलरी | प्रथिनं | ३० ग्रॅम प्रथिनांसाठी किती लागेल | त्यातून कॅलरी |
|---|---|---|---|---|
| पनीर (फुल फॅट) | ३०० | १८ ग्रॅम | १६५ ग्रॅम | ५०० |
| टोफू (घट्ट) | १३५ | १४ ग्रॅम | २१५ ग्रॅम | २९० |
| चिकन ब्रेस्ट | १२० | २२.५ ग्रॅम | १३५ ग्रॅम | १६० |
| सुरमई | १०५ | २० ग्रॅम | १५० ग्रॅम | १६० |
| सोया चंक्स (कोरडे) | ३४५ | ५२ ग्रॅम | ५८ ग्रॅम | २०० |

तुलना करायची तर शेवटचे दोन रकाने बघा. दर १०० ग्रॅमचा आकडा एकटा घेतला तर तो फसवतो, कारण या पाचही पदार्थांत पाण्याचं प्रमाण वेगवेगळं आहे आणि पाण्याला ना कॅलरी असते ना प्रथिनं. तेवढीच प्रथिनं मिळवायला किती कॅलरी खर्ची पडतात, हा प्रश्न विचारला की चित्र स्पष्ट होतं. चिकन ब्रेस्ट आणि सुरमई जवळपास बरोबरीत आहेत, सोया त्यांच्या थोडं मागे, टोफू मध्ये, आणि पनीर बरंच मागे.

सोया चंक्समध्ये ५२ ग्रॅम आणि चिकनमध्ये २२ ग्रॅम. म्हणजे सोया चिकनच्या दुपटीहून भारी?

नाही. पाकिटावरचा ५२ हा आकडा कोरड्या वड्यांचा आहे, आणि कोरड्या वड्या कोणी खात नाही. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून त्या बनतात, म्हणून त्यात चरबी नावापुरती असते आणि पाणी जेमतेम. चिकनच्या कच्च्या मांसात मात्र तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोरड्याची ओल्याशी तुलना केली की कोरडं जिंकणारच.

वड्या उकळून, पिळून घेतल्या की वजन अडीच ते तीन पट होतं. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांच्या १३० ते १५० ग्रॅम ओल्या वड्या होतात. प्रथिनं तीच, २६ ग्रॅम, फक्त आता ती १५० ग्रॅममध्ये पसरलेली असतात. म्हणजे भिजवलेल्या १०० ग्रॅम वड्यांत साधारण १७ ते २० ग्रॅम प्रथिनं आणि ११५ ते १३० कॅलरी. हा आकडा कच्च्या चिकनच्या किंचित खालचा आहे, आणि शाकाहारी माणसाच्या दृष्टीने उत्तमच आहे.

इथे होणारी चूक अगदी ठरलेली. भिजवलेल्या वड्या वाटीत घालून वजन करायचं, १०० ग्रॅम भरलं की अ‍ॅपमध्ये ‘सोया चंक्स, १०० ग्रॅम’ नोंदवायचं. नोंद होते ५२ ग्रॅम प्रथिनांची, पोटात जातात १७. रोज असं केलं तर कागदावर प्रथिनं भरपूर दिसतात आणि प्रत्यक्षात निम्मीही नसतात.

उपाय एकच: सोया नेहमी कोरडाच मोजायचा. भिजवल्यानंतरचं वजन तुम्ही किती जोरात पिळलं यावर अवलंबून असतं. एकाच पाकिटातल्या ५० ग्रॅम वड्या आज १३० ग्रॅम भरतील, उद्या १५०.

वड्या भिजवायची बरोबर पद्धत कोणती? पोटात गॅस होतो.

भरपूर पाणी उकळा, मीठ घाला, वड्या टाकून पाच-सात मिनिटं उकळू द्या. मग ते पाणी ओतून टाका, दोन-तीन वेळा गार पाण्यात धुवा आणि दर वेळी दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. सोयाबीनमधल्या ज्या साखरा आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यातले जिवाणू ज्यांचा वायू करतात, त्यांतला बराच भाग या पाण्यात उतरतो. उग्र वासही त्याबरोबर जातो. या पाण्यात थोडी प्रथिनं जातात, पण हिशोबात धरावी इतकी नाहीत. ते पाणी आमटीत वापरायचा मोह मात्र टाळा.

वडी नीट पिळली नाही तर मसाला आत शिरत नाही आणि भाजी पाणचट लागते. तेलात परतण्याआधी तर पिळणं हवंच, नाहीतर आतल्या पाण्याने तेल उडतं.

चिकनचे आकडे कुठे १२० कॅलरी दिसतात, कुठे १६५. बरोबर कोणते?

दोन्ही. १२० कॅलरी आणि २२.५ ग्रॅम प्रथिनं हे कच्च्या ब्रेस्टचे आकडे. १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम हे तेल न घालता भाजलेल्या ब्रेस्टचे. भाजताना १०० ग्रॅम चिकनमधलं पाणी उडून ७० ते ७५ ग्रॅम उरतं, प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ती दाट दिसतात. शिजवल्याने प्रथिनं वाढत नाहीत.

गोंधळ होतो तो वजन एका अवस्थेत करून आकडा दुसऱ्या अवस्थेचा लावला की. कच्चं २०० ग्रॅम चिकन मोजून ३१ ने गुणलं तर ६२ ग्रॅम येतात. खरी असतात ४५. कच्चं मोजलं तर कच्च्याचा आकडा, शिजलेलं मोजलं तर शिजलेल्याचा, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका जातात.

आणि ‘चिकन’ म्हणजे ब्रेस्ट नव्हे. दुकानातून करी कट आणला तर एक किलोत मांस साधारण दोन तृतीयांश, बाकी हाडं. तंगडीच्या मांसात प्रथिनं थोडी कमी, १९-२० ग्रॅमच्या आसपास, आणि चरबी थोडी जास्त. कातडी ठेवली तर कॅलरीचा हिशोबच बदलतो.

घरी रस्सा केला तर ताटात किती आलं ते कसं काढायचं? तुकडे मोजत बसायचं का?

पूर्ण पातेल्याचा हिशोब करायचा आणि मग वाटा काढायचा. त्यासाठी रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून कुठेतरी लिहून ठेवा. गरम रस्सा ओतून रिकामं पातेलं मोजण्यापेक्षा ते सोपं.

समजा चौघांसाठी रस्सा आहे. ५०० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट (६०० कॅलरी, ११२ ग्रॅम प्रथिनं), दोन मोठे चमचे तेल म्हणजे २८ ग्रॅम (२५० कॅलरी), २०० ग्रॅम कांदा (८०), १५० ग्रॅम टोमॅटो (३०), वाटणात ५० ग्रॅम ओलं खोबरं (१७५). सगळं मिळून ११३५ कॅलरी. कांदा-खोबऱ्यातली चार-पाच ग्रॅम प्रथिनं सोडून दिली तरी चालतील. रस्सा झाल्यावर पातेल्यासकट वजन केलं, पातेल्याचं वजा केलं आणि ९०० ग्रॅम भरलं. तुम्ही २२५ ग्रॅम वाढून घेतलंत, म्हणजे चौथा भाग: साधारण २८५ कॅलरी आणि २८ ग्रॅम प्रथिनं.

आता हाच रस्सा दर १०० ग्रॅमला बघा: १२६ कॅलरी, १२.५ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी कच्च्या चिकनएवढ्याच, प्रथिनं जवळपास निम्मी. म्हणून ‘चिकन १०० ग्रॅम’ आणि ‘चिकन रस्सा १०० ग्रॅम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. वाढताना तुकडे आणि रस्सा पातेल्यातल्याच प्रमाणात आले पाहिजेत. तुमच्या वाटीत नुसता रस्सा आणि मुलाच्या ताटात सगळे तुकडे गेले, तर हिशोब चुकतो. तसं होणार असेल तर तुकडे बाहेर काढून त्यांचंच वजन करा आणि शिजलेल्या चिकनचा आकडा लावा.

मासे सगळे सारखेच का?

प्रथिनांच्या बाबतीत बरेचसे सारखे, चरबीच्या बाबतीत अजिबात नाही. सुरमई, पापलेट, रावस, रोहू, बांगडा यांच्या कच्च्या मांसात १७ ते २१ ग्रॅमच्या दरम्यान प्रथिनं मिळतात. कॅलरी ठरते ती चरबीवर. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, आणि त्यांतलं तेल हंगामानुसार खूप बदलतं. अंडी घालण्याचा काळ, पाण्यातलं खाद्य यांप्रमाणे तोच बांगडा एका वेळी सुका लागतो आणि दुसऱ्या वेळी तव्यावर स्वतःचंच तेल सोडतो. त्यामुळे बांगड्यासाठी एकच आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. १०० ते १६० कॅलरींमध्ये कुठेही असू शकतो. हे तेल वाईट नाही, त्यातच ओमेगा-३ असतं.

या सगळ्यांत वेगळा मासा म्हणजे बोंबील. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, म्हणून तो हातात धरला तरी लिबलिबीत लागतो. प्रथिनं जेमतेम १० ग्रॅमच्या आसपास. तळण्याआधी त्याला पाट्याखाली किंवा वजनाखाली दाबून पाणी काढतात ते याचसाठी. तोच बोंबील वलांडीवर वाळवला की १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि २९० च्या आसपास कॅलरी. कोरड्या सोया वडीलाही तो मागे टाकतो, पण कारण तेच: पाणी गेलं. आणि एका वेळी कोणी १०० ग्रॅम सुके बोंबील खात नाही, कालवणात माणशी १५-२० ग्रॅम जातात. म्हणजे प्रथिनं मिळाली ९ ते १२ ग्रॅम.

बाजारातून अर्धा किलो बांगडे आणले तर प्रथिनं किती धरायची?

अर्धा किलोवर धरू नका. डोकं, आतडी, कल्ले, पर आणि काटे वजा जाता अख्ख्या माशाचा साधारण निम्मा ते साठ टक्के भाग खाण्याजोगा उरतो. अर्धा किलोत मांस २७५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रथिनं सुमारे ५० ग्रॅम. अख्ख्या वजनावर हिशोब केला असता तर ९५ ग्रॅम आली असती. सुरमईची तुकडी घेतली तर मधला काटा सोडून जवळपास सगळं मांसच असतं, त्यामुळे तिथे चूक छोटी होते. भाव बघताना बांगडा स्वस्त आणि सुरमई महाग वाटते. खाण्याजोग्या भागावर भाव काढला तर फरक उरतो, पण पाटीवर दिसतो तेवढा नाही.

रवा लावून तळला तर?

तेल मोजा. तव्यात ओतण्याआधी तेलाच्या वाटीचं वजन करा, तळून झाल्यावर उरलेलं तेल त्याच वाटीत ओतून पुन्हा करा. समजा १५० ग्रॅम सुरमईसाठी ३० ग्रॅम तेल घेतलं आणि १८ ग्रॅम उरलं. १२ ग्रॅम तेल म्हणजे १०८ कॅलरी, वर १५ ग्रॅम रव्याच्या ५० धरा. १६० कॅलरींची सुरमई ३२० च्या घरात गेली. प्रथिनं ३० च्या ३०. तवा नीट तापलेला नसला की तेल अधिक शोषलं जातं आणि रवाही सुटतो. परतलेल्या सोया वड्यांचंही असंच, त्यांची जाळीदार वडी तेल तर मनसोक्त पिते.

पनीर प्रथिनांसाठी खावं की नाही?

खावं, पण ते काय आहे हे ओळखून. फुल फॅट पनीरच्या १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रथिनं आणि २४ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. प्रथिनांच्या ७२ कॅलरी, चरबीच्या २१६. तीनशेतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग चरबीचा. आमच्या मते पनीर हा चरबी आणि प्रथिनं दोन्ही देणारा पदार्थ आहे. वजन वाढवायचं असलेल्या किंवा जेवण कमी जाणाऱ्या माणसाला ते चांगलंच. वजन उतरवायचं असेल तर ‘शाकाहारींचं चिकन’ समजून ताटभर खाल्लं की गणित बिघडतं.

हे उत्पादकाच्या हातचंही नाही. एफएसएसएआयच्या नियमांनुसार साध्या ‘पनीर’मध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागात किमान निम्मी दुधाची चरबी हवी. म्हणजे १०० ग्रॅम पनीरमध्ये कोरडा भाग किमान ४० ग्रॅम आणि त्यात चरबी किमान २० ग्रॅम. पाकिटावर नुसतं ‘पनीर’ लिहिलंय आणि चरबी ८ ग्रॅम छापलीय, तर ते साधं पनीर नाही. लो फॅट किंवा मीडियम फॅट असा उल्लेख शोधा.

घरी केलं तर हे आकडे बऱ्यापैकी आपल्या हातात येतात. एक लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण २०० ते २२० ग्रॅम पनीर होतं, आणि दुधातली जवळपास सगळी चरबी त्यात येते. म्हणून ते मऊ, चविष्ट होतं, पण १०० ग्रॅममध्ये चरबी २५ च्या पुढे आणि प्रथिनं १६ च्या आसपास. तेच एक लिटर डबल टोन्ड दुधाचं (चरबी १.५ टक्के) केलं तर पनीर १३०-१५० ग्रॅमच होईल, पण १०० ग्रॅममध्ये प्रथिनं सुमारे २० ग्रॅम, चरबी १० आणि कॅलरी १९० च्या आत-बाहेर. ते थोडं रबरासारखं लागतं. जास्त वेळ उकळत ठेवू नका, दूध फाटून हिरवट पाणी वेगळं दिसलं की लगेच गॅस बंद करा आणि गार पाणी ओता, म्हणजे चिवटपणा कमी होतो.

पनीर भेसळीचं असेल तर आकडे बदलतात का?

बदलतात. दुधाची चरबी काढून पामतेल घातलेल्या ‘अ‍ॅनलॉग’मध्ये कॅलरी जवळपास पनीरएवढीच राहते, प्रथिनं मात्र कमी असू शकतात. घटकांच्या यादीत वनस्पती तेल, स्टार्च असे शब्द दिसले तर ते पनीर नाही. सुट्या पनीरला यादीच नसते. त्याचा तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. रंग आला नाही म्हणून पनीर शुद्ध ठरत नाही, कारण पामतेल या परीक्षेत सापडत नाही.

टोफूच्या दोन पाकिटांवर दुप्पट फरक का दिसतो?

पाण्यामुळेच. सिल्कन टोफू म्हणजे दह्यासारखा, न दाबलेला. त्यात १०० ग्रॅमला ५ ते ७ ग्रॅम प्रथिनं. ‘सोया पनीर’ म्हणून मिळणाऱ्या घट्ट लादीत १२ ते १७ ग्रॅम. नाव तेच, पदार्थ तोच, दाबलं किती एवढाच फरक. इथे सर्वसाधारण आकड्यावर विसंबू नका, हातातलं पाकीटच वाचा. मात्र पाकिटातलं पाणी ओतून मगच वजन करा. लादी फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं वजनाखाली ठेवलीत, तर ती हलकी होईल. तेव्हा दाबण्याआधीचं वजन धरायचं.

पनीरच्या जागी तेवढाच टोफू घातला तर कॅलरी निम्म्याहून कमी होते, पण प्रथिनंही थोडी कमी होतात. दीडशे ग्रॅम पनीरऐवजी दोनशे ग्रॅम टोफू घ्या: प्रथिनं २७-२८ वर टिकतात आणि कॅलरी ४५० वरून २७० वर येते.

सोयातली प्रथिनं चिकनइतकी ‘चांगली’ असतात का?

वनस्पतीजन्य पदार्थांत सोया सर्वांत जवळ जातो. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात आहेत. मिथिओनिन थोडं कमी असतं, पण पोळी-भातातून ते भरून निघतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे औषधाचं शोषण कमी होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील.

दिवसाला एकूण किती लागतात?

निरोगी प्रौढासाठी आयसीएमआर-एनआयएनची शिफारस वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. यातली निम्मी तरी डाळ, पोळी, दूध-दह्यातून येतातच.

वजनकाटा नाही. अंदाज कसा करायचा?

पनीर आणि टोफूचा एक इंच घन तुकडा १६-१७ ग्रॅमचा, म्हणजे सहा तुकडे सुमारे १०० ग्रॅम. हॉटेलच्या भाजीत तुमच्या वाट्याला चार तुकडे आले तर प्रथिनं १२ ग्रॅमच. पाकिटाचं वजन माहीत असतं, त्याचे समान भाग पाडणं हाही चांगला उपाय. सोया आणि माशांच्या बाबतीत मात्र अंदाज फार चुकतो, तिथे काटाच हवा.

अ‍ॅपमध्ये एकाच पदार्थाच्या दहा नोंदी दिसतात. कोणती निवडू?

बेरीज करून बघा. प्रथिनं आणि कर्बोदकांना प्रत्येकी चारने गुणा, चरबीला नऊने, आणि बेरीज छापलेल्या कॅलरीशी जुळते का ते पाहा. सोया चंक्स: ५२ गुणिले ४, ३३ गुणिले ४, अर्धा गुणिले ९, एकूण ३४४. छापलेले ३४५, नोंद ठीक. दुसरीकडे ‘पनीर, प्रथिनं १८, चरबी २०, कर्बोदकं २, कॅलरी ९८’ अशी नोंद दिसली तर बेरीज २६० येते. ती कोणीतरी घाईत भरलेली आहे, सोडून द्या. दहा-पंधरा कॅलरींचा फरक चालतो, तंतुमय पदार्थांमुळे तो पडतो. बेरीज जुळली की नोंदीत ‘कच्चं’ किंवा ‘शिजलेलं’ लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर चिकनमध्ये ३० च्या वर प्रथिनं म्हणजे शिजलेलं, २२-२३ म्हणजे कच्चं. सोयात ५० च्या वर म्हणजे कोरडं.